पळसाची पानं न्यू जर्सीच्या वाटेवर

माणमधल्या आमच्या शेजारच्या आजींनी गेल्या जूनमध्ये नातीला आशीर्वाद पाठवला. नात न्यू जर्सीत जन्मली, तिथेच वाढली. बारावी झाली होती आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात राहायला जाणार होती. तिला मराठी ऐकून थोडंफार कळतं, म्हणजे ‘जेवलीस का’ कळतं, ‘थंडी आहे का’ कळतं. त्यापुढे गाडी अडते. म्हणून आजी व्हॉट्सॲपवर बोलल्या आणि त्याखाली जाणारा इंग्रजी मजकूर मी लिहावा असं ठरलं. आजींचं बोलणं जेमतेम अर्ध्या मिनिटाचं होतं. मला त्याला चार दिवस लागले.

आजी जे बोलल्या ते असं: ‘पोरी, औक्षवंत हो. पास झालीस ते ऐकून काळीज सुपाएवढं झालं बघ. आता लांब जाणार म्हणं शिकायला. भिऊ नको. कुठंबी गेलं तरी पळसाला पानं तीनच. पैसाअडका जपून वापर, अंथरूण बघून पाय पसरावं माणसानं. दिल्या घरी सुखी राहा. इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो.’

पहिला मसुदा मी तासाभरात लिहून काढला, कारण त्यातल्या बहुतेक गोष्टींना इंग्रजीत तयार जोड आहे असं मला वाटलं. अंथरुणासाठी ‘कट युअर कोट अकॉर्डिंग टु युअर क्लॉथ’ आहेच. पळसासाठी ‘पीपल आर द सेम एव्हरीव्हेअर’ चाललं असतं. हा सगळा मजकूर मी आजींना परत मराठीत करून वाचून दाखवला. कोटाचं वाक्य आलं तशा त्या थांबल्या. ‘कोट कुणाचा? मी कोटाचं कवा बोलले?’ मी म्हटलं, आजी, अर्थ तोच आहे. त्यांनी मान हलवली. ‘अर्थ आसंल. पण मग ते माझं कुठं ऱ्हायलं?’

अनुवाद करणाऱ्यानं हा प्रश्न मनावर घ्यायला हवा, असं माझं म्हणणं आहे. म्हणीच्या जागी म्हण ठेवायची, हे आपल्याकडे अनुवादाचं कौशल्य मानलं जातं. शाळेत आपण तेच शिकलो. इंग्रजीच्या पेपरात डावीकडे मराठी म्हण, उजवीकडे इंग्रजी, आणि मध्ये जोडणारी रेघ. कथा-कादंबरीत कधी ते शोभतही असेल. आशीर्वादात शोभत नाही. आशीर्वाद कुणी दिला, यावरच तो उभा असतो. ‘काटकसर कर’ हे नातीला तिची बँकही सांगते. आजीनं सांगितलं म्हणून त्याला वजन येतं, आणि आजी सांगते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर जमिनीवर घातलेलं अंथरूण असतं, त्यावर आडवी झालेली पाचसहा भावंडं असतात आणि अंथरुणाबाहेर गेलेल्या पायांना लागणारी सारवलेली गार जमीन असते. तिथे इंग्रज शिंप्याचा कोट आणून ठेवला की नातीपर्यंत सल्ला पोचतो आणि आजी मागे राहते.

अंथरुणाचं काम मात्र सोपं निघालं. ते चित्र इंग्रजीत जसंच्या तसं उभं राहतं, कारण पाय आणि अंथरूण सगळ्या जगाला आहे. सावधगिरी एकच घ्यावी लागली. घाईत माझ्याकडून ‘ब्लँकेट’ लिहिलं गेलं होतं. हिंदीत चादरीएवढे पाय पसरायला सांगतात, तो कानावरचा परिणाम. मराठी म्हण पांघरुणाची नाही, खाली घालायच्या अंथरुणाची आहे. नात स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र पलंगावर झोपत आली आहे. तिला नुसतं ‘बेड’ म्हटलं तर पाय पसरण्यात अडचण काय, हेच कळणार नाही. म्हणून ‘जमिनीवर घातलेलं अंथरूण कुठवर पुरतंय ते आधी बघ, मग पाय पसर’ असं वाक्य इंग्रजीत केलं. ‘जमिनीवर घातलेलं’ एवढी भर माझी. आजींना वाचून दाखवली. त्यांनी ‘हां’ म्हटलं.

पळस असा सुटला नाही.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण शब्दशः इंग्रजीत नेली तर पहिली फसगत संख्येची होते. ‘पळसाच्या झाडाला तीन पानं असतात’ हे वाक्य ज्यानं पळस पाहिलेला नाही तो कसं वाचेल? त्याच्या डोळ्यांसमोर अख्ख्या झाडावर तीन पानं येतील. आपल्याला हे सुचतसुद्धा नाही, कारण आपण पळस पाहिलेला असतो. एका देठावर तीन मोठ्या पर्णिका, मधली जरा थोराड, आणि असे शेकडो देठ. कुठल्याही डोंगरावरचा पळस घ्या, देठाला पानं तीनच. पत्रावळी लावणाऱ्यांच्या बोटांना ही गोष्ट पाठ असते. तेव्हा इंग्रजीत ‘तीन’ऐवजी ‘तीन-तीनच्या जुडीनं’ असं म्हणावं लागलं. एवढ्याशा बदलानं झाड हिरवंगार झालं.

दुसरी फसगत मला नातीच्या आईनं दाखवली. अमेरिकेच्या पूर्व भागात पॉयझन आयव्ही नावाची वेल सर्रास उगवते. तिला हात लागला की अंगाला भयंकर खाज सुटते, फोड येतात. तिचीही पानं तीन-तीनच्या जुडीत असतात, आणि तिथल्या मुलांना लहानपणापासून एक यमकवाली म्हण शिकवतात: तीन पानांचं दिसलं की लांब राहा. म्हणजे मी कितीही नेमकेपणानं ‘तीन पानं’ लिहिलं तरी नातीच्या मनात आधी धोक्याची सूचना उमटणार. आजी म्हणते भिऊ नको, आणि तिची म्हण पोरीला भीती घालते! शब्दकोशात हे सापडत नाही. दोन्हीकडच्या अंगणात वावरलेलं माणूसच ते सांगू शकतं. उपाय साधा होता. झाडाचं नाव ‘पळस’ असंच ठेवलं आणि फुलांचा उल्लेख जोडला, म्हणजे शिमग्याच्या सुमारास ज्वाळेसारखं फुलणारं मोठं झाड. वेल मनात येण्याआधीच झाड दिसलं पाहिजे, म्हणून फुलं वाक्यात आधी घेतली आणि पानं नंतर.

तिसरा पेच सगळ्यांत खोल होता आणि तो माझ्या ध्यानात उशिरा आला. ही म्हण आपण एरवी कुठल्या सुरात वापरतो? कंटाळ्याच्या. नोकरी बदलली, तिथेही साहेब तसाच निघाला. ऑफिस बदललं, तिथेही फाइल अडलेली. की आपण हात झटकून म्हणतो, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. कोशात तिचा अर्थ बघितला तर तो साधारण असाच मिळतो: सगळीकडे परिस्थिती सारखीच, सुटका नाही. मी तोच अर्थ धरून पहिला मसुदा केला होता. पण आजींच्या बोलण्यात त्या म्हणीच्या आधी ‘भिऊ नको’ होतं. निराशेची म्हण धीर द्यायला कशी आली?

म्हणून मी त्यांना विचारलं, आजी, हे तुम्ही एरवी कधी म्हणता? त्यांनी जे सांगितलं ते माणच्या मातीतलं होतं. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा विस्तार माणच्या शिवारात आला तेव्हा आजींच्या घरची खाचरं एमआयडीसीत गेली. उरलेल्या जागेवर मुलानं खोल्या बांधल्या. गेली पंधराएक वर्षं त्या खोल्यांत बिहारची, ओडिशाची, तेलंगणाची पोरं-पोरी भाड्यानं राहतात. आजींना त्यांची भाषा येत नाही, त्यांना आजींची येत नाही. ‘पहिल्या महिन्यात समदी रडत्यात,’ आजी म्हणाल्या. ‘आईचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलत्यात. ताप आला की तोंड बारीक करून बसत्यात. मी खिचडी द्यायची, ती खायची. कुठली का असंनात, पळसाला पानं तीनच. तिकडं आपल्या पोरीलाबी कुणीतरी माझ्यासारखी गावंल की.’

म्हणजे आजींनी म्हण उलटी केली नव्हती, तिची दुसरी बाजू वापरली होती. माणसं सगळीकडे सारखीच, हे वाक्य वैतागून म्हटलं तर वाईटाबद्दल असतं आणि मायेनं म्हटलं तर चांगल्याबद्दल. कोश यातली एक बाजू देतो, कारण कोशात बोलणारा नसतो. मोल्सवर्थच्या 1857 च्या आवृत्तीपासून आपल्या कोशांनी म्हणी नेटानं टिपल्या. आल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्यानं 1899 मध्ये ऑक्सफर्डहून मराठी म्हणींचा इंग्रजी अनुवादासह संग्रह काढला, तो आजही उपयोगी आहे. पुढे दाते-कर्वे यांनी वाक्संप्रदायांचा मोठा कोश केला. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण तिथे म्हण वाळवून ठेवलेली असते. कुणी, कुणाला, कशानंतर म्हटली, हा ओलावा त्यात राहू शकत नाही. आशीर्वादाचा अनुवाद करताना मात्र तोच कामाला येतो, आणि आपल्याजवळ तो आहे, कारण बोलणारी समोर बसलेली आहे. तिला विचारायचं. ‘म्हणीचा अर्थ काय’ असं विचारलं तर पुस्तकी उत्तर मिळतं; ‘तुम्ही ही कधी म्हणता’ असं विचारलं की गोष्ट मिळते. मग इंग्रजीत म्हण ठेवून तिच्या पाठीला आजीची खिचडी जोडली. एकच वाक्य: इथे भाड्यानं राहणाऱ्या मुलांना मी जेवू घालते, तुलाही तिथे कुणीतरी घालील.

काही वाचक म्हणतील, ही तर आजीच्या तोंडी नवी वाक्यं घालणं झालं. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला धरबंध हवाच. माझा नियम असा, की भर घालायची ती आजींनी सांगितलेल्या गोष्टीतूनच आणि घातल्यावर त्यांना ऐकवून. हा नियम मला त्या पहिल्याच शब्दानं शिकवला. ‘औक्षवंत हो’ याचं सरळ इंग्रजी ‘लिव्ह लाँग’ असं होतं. पण त्या दोन शब्दांनी तिथल्या मुलांना ‘स्टार ट्रेक’मधला प्रसिद्ध निरोप आठवतो. तो टाळायला मी औक्षणाचं ताट आणलं: ‘मी तुला दिव्यानं ओवाळते आहे, तुझी वर्षं वाढोत.’ मला ते सुंदर वाटलं होतं. आजींनी ऐकून विचारलं, ‘दिवा कुठं ओवाळला मी? फोनवर तर बोलले.’ दिवा काढला. आता तिथे इंग्रजीत ‘पोरी’ हा शब्द तसाच आहे आणि पुढे ‘तुला खूप वर्षं लाभोत’ एवढंच आहे.

त्या ‘लाभोत’, ‘टळो’, ‘येवो’बद्दलही थोडं सांगायला हवं. मराठीत आज्ञा करायला जो क्रियापदाचा प्रकार आहे, त्याच आज्ञार्थात आपण आशीर्वादही देतो. ‘दार लाव’ आणि ‘सुखी राहा’ यांची घडण एक. इंग्रजीत आशीर्वाद द्यायचा तर ‘मे’ लावावा लागतो आणि लगेच चर्चमधल्या प्रार्थनेचा सूर येतो. सगळीकडे ‘मे’ लावला असता तर आजी धर्मगुरूसारखी बोलली असती. म्हणून आजी पोरीला थेट म्हणते ती वाक्यं इंग्रजीत साध्या आज्ञार्थात ठेवली, आणि ‘मे’ राखला फक्त नशिबाकडे, देवाकडे बघून म्हटलेल्या वाक्यांसाठी.

काळीज सुपाएवढं झालं, ते मी सोडलं. सूप म्हणजे काय हे सांगायला दोन वाक्यं लागली असती आणि इंग्रजी कानाला तर सूप वाटीतलंच वाटणार. तिथे आजींना फक्त ‘फार आनंद झाला’ म्हणायचं होतं. सगळंच राखायला गेलं की मजकूर तळटिपांचा होतो आणि पोर वाचेनाशी होते. कुठली प्रतिमा काम करते आहे आणि कुठली सवयीनं आली आहे, हा निवाडा अनुवादकाला करावाच लागतो.

बळीचं राज्य मात्र सोडण्यासारखं नव्हतं. आणि तिथे नुसतं नाव ठेवणं सगळ्यांत धोक्याचं होतं, कारण आजचं पोर अडलेला शब्द लगेच शोधतं. ‘बळी’ इंग्रजीत शोधलं की पहिल्यांदा इंडोनेशियातलं बेट येतं. आणखी शोधलं तर असुरांचा राजा येतो, वामनानं तीन पावलांत पाताळात घातलेला. मग नातीला साहजिकच वाटणार, माझी आजी असुराचं राज्य का मागते आहे? पाडव्याला ओवाळताना घरोघरीच्या बाया हे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या, आणि त्यांच्या मनात तो असुर कधीच नव्हता. त्यांच्या मनात होता धान्यानं कणग्या भरलेला, कुणी कुणाला नाडत नाही असा काळ. जोतीराव फुल्यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त हाच बळी शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून मांडला. पुराणानं ज्याला हरवला त्याला कुणब्यांच्या बायकांनी दरवर्षी परत बोलावलं. ज्या घरची खाचरं गेली त्या घरातली म्हातारी हे वाक्य म्हणते तेव्हा ते नुसतं सणाचं उरत नाही, असं मला वाटतं. आजी तसं काही म्हणाल्या नाहीत, म्हणून मी ते इंग्रजीत घातलं नाही. तिथे लिहिलं: ‘दुखणी-संकटं टळोत आणि शेतकऱ्यांच्या भल्या राजाचे, बळीचे, दिवस परत येवोत.’ आणि खाली एक ओळ: तुझ्या केरळच्या मैत्रिणी ओणमला ज्या राजाची वाट बघतात, तोच हा. न्यू जर्सीत मल्याळी कुटुंबं पुष्कळ आहेत. परक्या मुलखात ओळखीची खूण सापडली, ती वापरली. ही खूण इंग्रजीतून उसनी आणलेली नव्हती, बळीच्याच गोतावळ्यातली होती.

परक्या भाषेत म्हणी अशा तगतात का, अशी शंका येणाऱ्यांना मी चिनुआ अचेबेची 1958 ची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ दाखवते. इग्बो गावातल्या माणसांना त्यानं इंग्रजीत बोलतं केलं, पण त्यांच्या म्हणींच्या जागी इंग्रजांच्या म्हणी ठेवल्या नाहीत. त्यांचेच प्राणी, त्यांचीच पिकं, त्यांचेच पूर्वज इंग्रजीत आणले. वाचकाला अर्थ कळतो तो प्रसंगामुळे. कोण कुणाला कशासाठी म्हणतं आहे हे दिसलं की न पाहिलेलं झाडसुद्धा समजतं.

राहता राहिलं एक वाक्य, आणि त्यानं मला खरंच अडवलं. ‘दिल्या घरी सुखी राहा.’ हा सासरी निघालेल्या मुलीचा आशीर्वाद. अठरा वर्षांची पोर होस्टेलला निघाली आहे. शब्दशः लिहिलं तर ती वाचणार, ‘तुला ज्या घरी देऊन टाकलं आहे तिथे सुखी राहा.’ तिच्या भाषेत हे वाक्य दुखावणारं आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्याही भाषेत ते दुखावणारंच आहे. आपले कान सरावलेत इतकंच. गुपचूप गुळगुळीत करायचं का? तसं केलं असतं तर मी आजींनाही फसवलं असतं आणि नातीलाही. मी आजींनाच सांगितलं की हे इंग्रजीत असं असं ऐकू येईल.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘मला माझ्या आयनं ह्येच म्हटलं व्हतं. मी तेरा वर्षांची व्हते. पोर घरातनं निघाली की तोंडात तेच येतं बघ.’ थोड्या वेळानं: ‘तिला कुणी दिली न्हाई. ती जातीय. तसं लिव्ह. जाशील तिथं सुखी राहा.’

मी विचारलं, मग पुन्हा रेकॉर्ड करू या का? नको म्हणाल्या. बोललं ते बोललं.

तेव्हा आता आवाजात एक आहे आणि मजकुरात दुसरं. नातीची मराठी सुधारली तर कधीतरी तिच्या कानाला हा फरक लागेल. तो चुकीचा अनुवाद वाटू नये म्हणून शेवटी एक ओळ लिहिली, आजींना वाचून दाखवली आणि त्यांनी होकार दिल्यावर पाठवली: ‘इथे आजी वेगळे शब्द बोलली आहे. तिला तिच्या आईनं दिलेले ते शब्द होते. तुझ्यासाठी तिनं ते बदलले. ऐकू आले की तिला फोन करून विचार.’